क्रॉसप्ले बंद केल्याने मॅच लवकर मिळत नाही, उलट मिळेनाशी होते

"गेम नुसता मॅच शोधत बसतो? क्रॉसप्ले बंद करा, फक्त इंडिया सर्व्हर ठेवा, डीएनएस बदला, व्हीपीएन लावा. लगेच मॅच मिळेल, शंभर टक्के!"

हा मेसेज जळगावच्या ग्रुपांवरून फिरत भुसावळला माझ्या भाच्यापर्यंत पोहोचला. तो प्लेस्टेशनवर रॉकेट लीग खेळतो. सांगितलं ते सगळं त्याने केलं आणि मग फोन आला, "मामा, आता तर मॅच लागतच नाही."

कशी लागेल? क्रॉसप्ले म्हणजे वेगवेगळ्या मशीनवरच्यांनी एकमेकांशी खेळणं. ते बंद केलं की पीसी, एक्सबॉक्स आणि स्विचवाले सगळे तुमच्यासाठी संपले. उरले फक्त प्लेस्टेशनवाले. त्यातले इंडिया रिजनमधले, त्यातले रँक्ड खेळणारे, त्यातले तुमच्या रँकच्या आसपासचे, आणि तेही रात्री दोन वाजता जागे असलेले. हूप्स किंवा स्नो डेसारखा कमी खेळला जाणारा मोड निवडला असेल तर विचारूच नका. मॅचमेकिंगला माणसं लागतात, आणि हा सल्ला नेमकी माणसंच कमी करतो. Settings मध्ये Gameplay खाली `Cross-Platform Play` आहे, ते आधी चालू करा.

इंडिया सर्व्हरबद्दलचं म्हणणं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य. सर्व्हर जवळचा असला की पिंग, म्हणजे सिग्नल जाऊन परत यायला लागणारा वेळ, कमी राहतो. पण "फक्त" कशासाठी? रॉकेट लीगमध्ये एकाहून जास्त रिजन निवडता येतात. गर्दीच्या वेळी, म्हणजे संध्याकाळी, India पुरतो. रात्री उशिरा सोबत Middle East किंवा आग्नेय आशियाचा एखादा रिजन टिक करा. त्याची किंमत मोजावी लागते. मुंबई ते सिंगापूर सुमारे ३,९०० किलोमीटर, आणि फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद कुठलंही राउटर वाचवू शकत नाही, प्रत्यक्षात त्याहून जास्तच लागतात. कॅज्युअलला चालतं, रँक्डला जाणवतं.

डीएनएस नावावरून पत्ता शोधून देतो, रांगेत खेळाडू वाढवत नाही. व्हीपीएनची तर इथे गरजच नाही, कारण रिजन मेनूतूनच निवडता येतो. वर सगळा डेटा आणखी एका सर्व्हरला वळसा घालून जातो. पोरांनी कुठलं तरी फुकटचं अ‍ॅप टाकून त्यातून गेमच्या अकाउंटला लॉगिन करावं, हे मला अजिबात पटत नाही.

खरा बिघाड ओळखायचा तर आधी status.epicgames.com उघडा. तिथे गेमवार स्थिती दिसते. मॅचमेकिंगमध्ये अडचण दाखवत असेल तर घरी काहीही बदलू नका, थांबा. सगळं सुरळीत दिसत असेल तर संध्याकाळी कॅज्युअल 2v2 लावून बघा. तिथे मॅच पटकन लागली आणि रँक्डमध्ये रात्री लागत नसेल, तर तुमचं नेट ठीक आहे. त्या वेळी, त्या रँकवर, तेवढे खेळाडूच नाहीत.