फक्त एक टक्का

वास्तुशांतीला आलेला प्रत्येक पाहुणा आधी बाल्कनीत जाऊन "वा, हवा छान आहे" म्हणाला आणि मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, "कितीला पडला?" मी दर वेळी "अठ्ठ्याहत्तर" म्हणालो आणि दर वेळी माझ्या मागे कुणीतरी खोकलं. ते माझे सासरे होते.

अण्णा जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झाले आहेत. त्यांनी या फ्लॅटसाठी मला नऊ लाख रुपये दिले, बिनव्याजी, आणि एकच अट घातली की सगळ्या पावत्या त्यांना दाखवायच्या. वाचणाऱ्याला ही अट साधी वाटेल. बँकेने अठ्ठावन्न लाख दिले, पण बँकेचा माणूस दर रविवारी सकाळी घरी येऊन फाईल मागत नाही.

मुळात अण्णांकडे हात पसरायची वेळ यायलाच नको होती. वडगाव बुद्रुकला सहाव्या मजल्यावर रीसेलचा टू बीएचके, किंमत 78 लाख. कर्ज 58. म्हणजे आपले 20 घालायचे. आमच्याकडे होते 27. सात लाख वर आहेत म्हणून मी त्या रात्री बायकोला मोठ्या टीव्हीबद्दल बोललो होतो. हे मी तिला विसरायला सांगितलंय, पण ती विसरत नाही.

पहिला धडा एजंटने दिला. "सर, आपलं फक्त एक टक्का." मागितले होते दोन, एकावर आले, म्हणून मी खूश. हॉटेलात टिप द्यावी तसा तो 'एक टक्का' मला वाटला. रात्री हिशोब केला तर 78 हजार. तेव्हापासून आमच्या घरात पैसे मोजायचं एककच ते झालं. एक टक्का म्हणजे अठ्ठ्याहत्तर हजार.

मग मुद्रांक शुल्क. वकिलांनी सांगितलं, पुण्यात सात टक्के. मी म्हणालो, मी तर पाच ऐकलंय. "पाच मूळ शुल्क. त्यावर एक टक्का एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आणि एक टक्का मेट्रो."

"एलबीटी 2015 मध्ये गेला ना?"

"तो व्यापाऱ्यांचा गेला. दस्तावरचा राहिला."

मेट्रोचा टक्का मला जास्त लागला. आमच्या घराला सगळ्यात सोयीचं स्टेशन म्हणजे स्वारगेट, आणि तिथे पोचण्यासाठी सिंहगड रस्त्यावरून जे काही सोसावं लागतं ते सोसल्यावर माणसाला मेट्रोची गरज उरत नाही, दवाखान्याची उरते. पण आम्ही मेट्रोत एकदाही न बसता तिचे 78 हजार भरून बसलो आहोत.

मी शेवटचा बाण काढला. सरकारी रेडीरेकनरप्रमाणे आमच्या फ्लॅटची किंमत 78 च्या बरीच खाली येत होती. सहावा मजला, लिफ्टची इमारत, म्हणून दरात पाच टक्के वाढ धरूनही खालीच. "मग सरकार स्वतःच म्हणतंय की फ्लॅट स्वस्त आहे, तर शुल्क त्यावर घ्या!" वकील माझ्याकडे कनवाळूपणे बघत राहिले. कराराची किंमत आणि रेडीरेकनरची किंमत, दोन्हींत जी जास्त असेल तिच्यावर शुल्क. आपण स्वस्तात घेतलं तर सरकार महाग धरतं, महागात घेतलं तर सरकार आपल्यावर विश्वास ठेवतं. झाले 5,46,000.

इथे बायकोने तोंड उघडलं. "सगळा फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर घेतला तर बायकांना एक टक्का सवलत आहे."

म्हणजे 78 हजार. हे खरंच आहे. पण घेणारी फक्त बाईच हवी. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली, अर्धी-पाव काही नाही. म्हणजे दस्तावर माझं नाव लिहायला 78 हजार रुपये खर्च येणार होता. दहा अक्षरी नाव आणि आडनाव, अक्षराला 7,800. बायको म्हणाली, "विचार कर, तेवढी किंमत आहे का?" प्रश्न नावाबद्दलच होता, असं मी धरून चालतो.

मला वाचवलं ते अण्णांनी. त्यांनी पेन काढलं. आम्ही दोघंही अजून जुन्या करप्रणालीत आहोत. राहत्या घराच्या कर्जाच्या व्याजावर प्रत्येक मालकाला वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते, पण तो मालक हवा. नुसता हप्ता भरून किंवा कर्जावर सही करून चालत नाही, दस्तावर नाव पाहिजे. आमचं पहिल्या वर्षाचं व्याज चार लाखांच्या वर जात होतं, म्हणजे दोघांचे दोन-दोन लाख भरत होते. "जावईबापूंच्या स्लॅबला दोन लाखांवर 62,400 वाचतात. सव्वा वर्षात यांचं नाव फिटतं." आणि मग मुलीकडे बघून, "नवीन करप्रणालीत असते तर मीच म्हणालो असतो, काढ यांना."

अशा रीतीने मी घराचा मालक झालो.

नोंदणी शुल्कही एक टक्काच. ते ऐकून मी खुर्चीत सावरून बसलो, पण तिथे कमाल मर्यादा 30 हजारांची आहे. सगळ्या प्रवासात हाच एक टक्का असा भेटला की ज्याने स्वतःहून आवरतं घेतलं. मला त्या खिडकीला नमस्कार करावासा वाटला. मात्र तिथल्या यंत्रावर माझा अंगठा उमटेना. चार वेळा पुसला, पाचव्यांदा कपाळाला लावून ठेवला तेव्हा उमटला. दोन साक्षीदार रजा टाकून आले होते, ते मागे उभे राहून 'एवढा साधा अंगठा येत नाही' अशा नजरेने बघत होते.

एक टक्का आणखी होता, टीडीएसचा. किंमत 50 लाख किंवा वर असली की विकणाऱ्याला पैसे देताना एक टक्का कापून आपणच सरकारला भरायचा. मी तो खर्चात लिहिला. अण्णांनी त्यावर लाल रेघ मारली. "हा तुमचा खर्च नाही. हा त्यांच्या 78 लाखांतलाच आहे. तुम्ही नुसते पोस्टमन." पोस्टमन झालो तरी काम होतंच. आम्ही दोघं घेणारे म्हणून 26QB फॉर्म दोन, प्रत्येकी 39 हजारांचे, आणि ज्या महिन्यात कापला तो संपल्यापासून तीस दिवसांच्या आत. मी एकाच फॉर्ममध्ये सगळे भरायला निघालो होतो. तसं केलं असतं तर बायकोचा अर्धा हिस्सा सरकारदरबारी न कापलेला दिसला असता. विकणारे काका 16B या टीडीएसच्या दाखल्यासाठी रोज फोन करत होते, ते वेगळंच.

बँकेनेही आपले हात धुऊन घेतले. हक्कलेख तारण ठेवल्याचं शुल्क कर्जाच्या 0.3 टक्के, म्हणजे 17,400. प्रोसेसिंग आणि किरकोळ मिळून बँकेचं खातं 30,500 वर थांबलं. वकील, मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च आणि दस्ताच्या पानांमागचे पैसे 24 हजार. यातलं काहीही कर्जात बसत नाही. बँक कराराच्या किमतीवर कर्ज देते, मुद्रांकावर नाही. हे मला सात लाखांचा टीव्ही बघताना कुणी सांगितलं नव्हतं.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी चहा दिला आणि जिन्याच्या रंगासाठी एक लाख 'ऐच्छिक' मागितले. मी म्हणालो, माझी इच्छा नाही. मग त्यांना शासनाचं 2001 चं परिपत्रक दाखवलं. महापालिका हद्दीत हस्तांतरणाचा अधिमूल्याचा आकडा जास्तीत जास्त 25 हजार. त्यावर 500 हस्तांतरण फी आणि 100 प्रवेश फी. एकूण 25,600 चा चेक दिला आणि पावती घेतली. सेक्रेटरी पावती लिहिताना म्हणाले, "तुमचं पार्किंग खांबाला लागून आहे ना?" आहे. गाडीचा डावा दरवाजा आजही उघडत नाही.

आता सुतार. सुताराने अंदाज दिला साडेसहा लाखांचा. कपाट 1,450 रुपये चौरस फूट. मला वाटलं लाकडाचा चौरस फूट. नाही, तो समोरच्या भागाचा. सात फूट रुंद, सात फूट उंच, 49 फूट. ठीक. काम झाल्यावर मोजमाप आलं 63 फुटांचं. "साहेब, वर लॉफ्ट आहे ना." लॉफ्ट दोन फुटांचा, सात फूट रुंद, म्हणजे 14 फूट, 20,300 रुपये. आणि बेडरूम दोन. 40,600 रुपये नुसते गाद्या आणि जुनी सुटकेस ठेवायच्या जागेचे. अंदाजपत्रकात 'वॉर्डरोब' लिहिलं होतं, आणि सुताराच्या मते लॉफ्ट हा वॉर्डरोब नव्हे, तसंच बिजागऱ्या, चॅनल आणि हँडल हेही वॉर्डरोब नव्हेत. ते 'हार्डवेअर'. हार्डवेअर वेगळं.

ओट्याखाली मात्र अण्णांनी बाजी मारली. प्लायचे गठ्ठे आले त्या दिवशी ते स्टूल घेऊन तिथे बसले आणि एकेक शीट उलटून शिक्का वाचू लागले. ठरलं होतं ओट्यासाठी आयएस 710, म्हणजे पाण्यात टिकणारा. आलेल्या आठांपैकी तीन शीट आयएस 303 चे, त्यातही एमआर. एमआर दमट हवा सोसतो, सिंकखाली गळणारं पाणी नाही. दोन पावसाळ्यांत पावासारखा फुगतो आणि किचन ट्रॉल्या अडायला लागतात. "गोदामात चुकून मिसळले असतील," सुतार म्हणाला. "लॅमिनेट चिकटल्यावर सगळे सारखेच गोरे दिसतात," अण्णा म्हणाले, "म्हणून आधी आलो." तीन शीट परत गेली. सुतार त्या दिवसापासून अण्णांना 'मोठे साहेब' आणि मला नुसतं 'ओ' म्हणायला लागला.

इंटिरियर 8,61,400 वर संपलं. पक्कं बिल हवं तर वर अठरा टक्के जीएसटी, असं म्हणून बराचसा हिशोब वहीच्या कागदावर आला. अण्णांचा चेहरा पडला. पुढे कधी फ्लॅट विकला तर मुद्रांक, नोंदणी, दलाली खरेदीच्या किमतीत धरता येतात, पण कागद हवेत. सोफा-पडदे तसेही धरत नाहीत. आणि वहीच्या पानाला कोण विचारतं?

पाहुणे गेल्यावर त्यांनी फाईल उघडली. शेवटची पावती दारावरच्या पितळी पाटीची, 1,850 रुपये. बायकोचं नाव वर, माझं खाली. मग त्यांनी बेरीज मोठ्याने वाचली. "त्र्याण्णव लाख, सत्त्याण्णव हजार, तीनशे पन्नास. किमतीच्या वर पंधरा लाख सत्त्याण्णव. तुमच्या भाषेत साडेवीस एक टक्के."

मी काही बोललो नाही.

"कर्जाचे अठ्ठावन्न, तुमचे सत्तावीस, माझे नऊ. चौऱ्याण्णव." चष्म्यावरून बघत, "2,650 शिल्लक पाहिजेत."

"सोसायटीत पेढे वाटले, अण्णा."

त्यांनी पेनचं टोपण काढलं.

"पावती?"