फाशीचा फॉरवर्ड आणि शिक्षा ठरवण्याची खरी पद्धत

"आपल्याकडे गुन्हे का थांबत नाहीत? कारण शिक्षेची भीतीच उरली नाही. चौघांना भर चौकात लटकवा, दुसऱ्या दिवसापासून गुन्हे बंद. पण आपले न्यायाधीश गुन्हेगाराचं वय, गरिबी, आईवडील बघत बसतात. जन्मठेप दिली की चौदा वर्षांत बाहेर. खुनाला फाशी हाच न्याय, सुधारणा वगैरे सगळे लाड. पटलं तर पुढे पाठवा."

भीती कशाची वाटते?

जरब बसवणं हा शिक्षेचा एक मान्य हेतू आहे आणि न्यायालयंही तो मानतात. पण जरब शिक्षेच्या कठोरपणातून येते की पकडलं जाण्याच्या खात्रीतून, हा प्रश्न जुना आहे. इटलीतला विचारवंत बेकारिया याने 1764 मध्येच सांगितलं होतं की सौम्य पण चुकणार नाही अशी शिक्षा, भयंकर पण टाळता येणाऱ्या शिक्षेपेक्षा जास्त धाक बसवते.

इंग्लंडने याचा अनुभव घेतला आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथे दोनशेहून अधिक गुन्ह्यांना फाशी होती. राहत्या घरातून चाळीस शिलिंगांचा ऐवज चोरला तरी फास. फाशी जाहीरपणे, गर्दीसमोर दिली जायची, म्हणजे हा संदेश मागतो तेच. झालं असं की ज्यूरीतली माणसं चोरीच्या मालाची किंमत मुद्दाम एकोणचाळीस शिलिंग लावू लागली, कारण एवढ्याशा चोरीसाठी माणूस मारायला त्यांचं मन धजेना. बनावट दस्तऐवजाच्या गुन्ह्यात तर 1830 मध्ये खुद्द बँकवाल्यांनी संसदेकडे अर्ज केला की फाशी काढून टाका, तिच्यामुळे आरोपी दोषीच ठरत नाहीत. ज्यांचा पैसा बुडत होता त्यांनी केलेली ही मागणी होती.

आपल्याकडे बलात्काराच्या ज्या खटल्यांचा निकाल लागतो, त्यांत अलीकडच्या वर्षांत शंभरापैकी तीस खटल्यांतही दोष सिद्ध होत नाही, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी सांगते. त्याच आकडेवारीनुसार शंभरातल्या नव्वदाहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो: नातेवाईक, शेजारी, मालक. आता विचार करा, काकावर तक्रार केली तर काका फासावर जाईल हे कळल्यावर घरातली माणसं त्या मुलीला पोलीस ठाण्यात नेतील की गप्प बसवतील? दिल्लीतल्या डिसेंबर 2012 च्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीने जानेवारी 2013 च्या अहवालात बलात्कारासाठी फाशीची शिफारस केली नाही. समितीला गुन्हेगारांचा कळवळा होता म्हणून नव्हे. फाशीने अशा गुन्ह्यांना आळा बसतो असा पुरावा तिला दिसला नाही. 2015 मध्ये विधी आयोगानेही, दहशतवादाचा अपवाद सोडून, फाशी रद्द करण्याची शिफारस केली. त्या वेळी आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा होते, पूर्वी मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश राहिलेले.

गुन्हेगाराकडे बघायचंच नाही, तर काय होतं

या मुद्द्यावर मी सविस्तर लिहिणार आहे. इथे चूक झाली तर माणसाचा जीव जातो, आणि आपल्या राज्यात ती जवळजवळ झालीच होती.

1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने दोन गोष्टी बंधनकारक केल्या. दोष सिद्ध झाल्यावर शिक्षेवर वेगळी सुनावणी घ्यायची, आणि फाशी द्यायची असेल तर त्याची खास कारणं लिहायची. म्हणजे खुनाला जन्मठेप हा नियम झाला आणि फाशी अपवाद. 1980 मध्ये बच्चन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने, चार विरुद्ध एक अशा बहुमताने, फाशी घटनाबाह्य ठरवली नाही, पण ती दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणातच द्यायची असं बजावलं. त्या निकालात दोन पारडी आहेत. एकात गुन्ह्याची क्रूरता, दुसऱ्यात गुन्हेगाराचं वय, मनःस्थिती, तो सुधारण्याची शक्यता. हा माणूस सुधारणारच नाही, हे पुराव्यानिशी दाखवण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. वय आणि परिस्थिती बघणं ही न्यायाधीशाची मेहेरबानी नाही, कायद्याने सांगितलेलं काम आहे.

1995 च्या रावजी निकालात मात्र दोन न्यायमूर्तींच्या पीठाने म्हटलं की शिक्षा ठरवताना गुन्ह्याचं स्वरूप पाहायचं, गुन्हेगार नव्हे. पाच जणांच्या पीठाशी हे सरळ विसंगत होतं, तरी अनेक खटल्यांत त्याचा आधार घेतला गेला. त्या दोषीला 1996 मध्ये फाशीही झाली.

आता 2009 साल, दोन्ही खटले महाराष्ट्रातले, दोन्ही निकाल सर्वोच्च न्यायालयाचे.

30 एप्रिलला नाशिक जिल्ह्यातल्या खटल्याचा निकाल लागला. जून 2003 च्या एका रात्री शेतातल्या झोपडीत राहणाऱ्या कुटुंबातल्या पाच जणांचे खून झाले होते, बायकांवर अत्याचार झाले होते. ऐकूनच अंगावर काटा यावा असा गुन्हा. आरोपी सहा जण, भटक्या जमातीतले, मजुरी करणारे. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली.

अवघ्या तेरा दिवसांनी, 13 मे रोजी, पुण्यातल्या अपहरण आणि खुनाच्या बरियार खटल्याचा निकाल आला. इथेही क्रौर्य कमी नव्हतं. खंडणीसाठी ओळखीच्या तरुणाला मारून मृतदेहाचे तुकडे केले होते. पण न्यायमूर्ती एस. बी. सिन्हा यांच्या पीठाने दोन्ही पारडी तपासली. मृतदेहाची विल्हेवाट किळसवाणी आहे, पण तेवढ्यावरून प्रकरण दुर्मिळातलं दुर्मिळ ठरत नाही; हे तरुण सुधारण्यापलीकडे गेले आहेत असं सरकारने दाखवलेलं नाही. फाशीची जन्मठेप झाली. शिवाय रावजी निकाल बच्चन सिंगकडे दुर्लक्ष करून दिलेला असल्याने बंधनकारक नाही, हेही याच निकालाने स्पष्ट केलं. 2012 मध्ये चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रं लिहून अशा चुकीच्या आधारावर फाशी सुनावलेल्या तेरा जणांची शिक्षा बदलण्याची विनंती केली.

नाशिकच्या सहा जणांचं काय झालं? त्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे फाशी सुनावल्यानंतर पुढे आलं. कुणी त्याचं वयच नीट पाहिलं नव्हतं. पुढे सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निकाल मागे घेऊन अपिलं नव्याने ऐकली आणि 5 मार्च 2019 रोजी सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या साक्षीदार महिलेने सुरुवातीला पोलिसांच्या फोटोंमधून भलत्याच चौघांना ओळखलं होतं आणि त्या दिशेने तपासच झाला नव्हता. सोळा वर्षं तुरुंगात गेली. राज्य सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत असा आदेश झाला.

मे 2009 मध्ये त्यांना भर चौकात लटकवलं असतं तर टाळ्या वाजल्या असत्या. आणि त्या कुटुंबाचे खरे मारेकरी मोकळेच राहिले असते.

चौदा वर्षांचा आकडा

हा आकडा कायद्यात आहे, पण उलट अर्थाने. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप झाली असेल, तर किमान चौदा वर्षं प्रत्यक्ष तुरुंगात काढल्याशिवाय सरकारला कैद्याला सोडता येत नाही, अशी तरतूद 1978 मध्ये आली. ती खालची मर्यादा आहे, सुटकेची तारीख नव्हे. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य, हे 1961 मध्ये गोपाळ गोडसे यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलं आहे. चौदा वर्षांनंतर सोडायचं की नाही ते सरकार ठरवतं. सुटका नाकारली गेलेले आणि पंचवीस वर्षांहून अधिक काळ आत असलेले कैदी आपल्या तुरुंगांत आहेत.

2008 च्या श्रद्धानंद निकालापासून तर उच्च आणि सर्वोच्च न्यायालयं फाशी रद्द करताना ठरावीक वर्षं किंवा मरेपर्यंत सूट न देण्याची अट घालू शकतात; 2015 मध्ये घटनापीठानेही ते मान्य केलं. मुंबईच्या शक्ती मिल सामूहिक बलात्कार खटल्यात उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2021 मध्ये तिघांची फाशी रद्द करून मरेपर्यंत कारावास दिला, पॅरोल आणि फर्लोही नाकारले. मृत्यूने पश्चात्तापच संपतो, त्यांनी जन्मभर तो भोगावा, असा त्यामागचा विचार होता. याला सौम्यपणा कसा म्हणायचं?

बदला, न्याय आणि सुधारणा

प्रतिशोधाची भावना खोटी नाही. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना गुन्हेगाराने भोगावं असं वाटणारच, आणि कायदा ते मानतो. पण शिक्षेचा सिद्धान्त म्हणून प्रतिशोधाचा अर्थ प्रमाण असा आहे: जेवढा दोष तेवढा दंड, त्याहून अधिक नाही. कौटिल्यानेही अर्थशास्त्रात तीक्ष्ण दंड लोकांना उद्विग्न करतो, मृदू दंड तुच्छ ठरतो, यथार्ह दंड देणारा पूज्य होतो, असं म्हटलं आहे. यथार्ह म्हणजे ज्याला जेवढा योग्य तेवढा. त्यासाठी समोरचा माणूस पाहावाच लागतो.

सुधारणेचा विचार फाशीच्या खटल्यांपेक्षा किरकोळ गुन्ह्यांत जास्त उपयोगी पडतो, आणि त्याबद्दल कुणी संदेश पाठवत नाही. पहिल्यांदा मोबाइल चोरणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाला सराईतांच्या बरॅकीत सहा महिने ठेवलं तर तो काय शिकून बाहेर येईल? म्हणूनच 1958 च्या प्रोबेशन कायद्यानुसार एकवीस वर्षांखालच्या अशा आरोपीला तुरुंगात पाठवायचं असेल, तर न्यायाधीशाला कारणं लिहावी लागतात. सांगली जिल्ह्यातलं आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर औंध संस्थानाच्या काळात वसलं. तिथे खुनाच्या गुन्ह्यातले कैदीही बायकामुलांसह शेती करत राहिले, आणि ही खुली वसाहत पुढे राज्याच्या कारागृह विभागाने चालू ठेवली.

राग काढायचाच असेल तर तो या व्यवस्थेच्या खऱ्या दुखण्यावर काढावा. शिक्षेवरची सुनावणी बऱ्याचदा दोष सिद्ध झाला त्याच दिवशी उरकली जाते. वकील उभा राहतो, "वय लहान आहे, घरात कमावता एकटाच आहे" असं म्हणतो, आणि संपलं. 2022 च्या मनोज निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फाशीची शक्यता असलेल्या खटल्यात सरकारने आरोपीची कौटुंबिक माहिती, मानसिक तपासणीचा अहवाल आणि तुरुंगातल्या वर्तनाची नोंद न्यायालयापुढे ठेवावी. आपल्या जिल्ह्यातल्या सत्र न्यायालयात हे अहवाल येतात का, आणि ते तयार करायला प्रोबेशन अधिकारी व मानसोपचारतज्ज्ञ नेमलेले आहेत का, हे आमदारांना विचारता येईल.