येनच्या आडोशाला उभं राहण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

जगाचा बाजार घाबरला की जपानचा येन वर जातो, हे एक वाक्य तुम्हाला पाठ आहे ना? मग झालं. याहून जास्त काही शिकायच्या भानगडीत पडू नका. जास्त कळलं की माणूस विचार करत बसतो आणि बटण दाबायची वेळ निघून जाते.

पहिलं काम, स्क्रीनवर USD/JPY उघडा. एका डॉलरला किती येन पडतात तो हा आकडा. डॉलर १६० येनवरून १४२ येनवर आला, तर रेघ खाली जाते आणि येन महाग झालेला असतो. पण तुमच्यासारख्या स्वच्छ मनाच्या माणसाने असल्या उलट्या हिशेबात शिरू नये. येन घ्यायचा आहे, नावात येन आहे, म्हणून सरळ Buy दाबा. तुम्ही डॉलर घेतला आणि येन विकला, म्हणजे पाऊस सुरू होताना छत्री विकली, हे तुम्हाला संध्याकाळी कळेल. गोंधळ पूर्ण हवा असेल तर शेजारीच JPY/INR लावा. तिथे १०० येनला किती रुपये ते दिसतं, त्यामुळे येन महाग झाला की ती रेघ वर जाते. एक रेघ वर, एक खाली, मध्ये तुम्ही.

दुसरं म्हणजे, येन ‘सुरक्षित’ का, हे विचारू नका. कोणी विचारलंच तर जपानी माणसाची शिस्त, गाड्यांचं वेळापत्रक वगैरे सांगा. सरकारी कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त आहे, हे सांगू नका, उगाच रसभंग होतो. दशकानुदशकं जपानने परदेशात प्रचंड पैसा गुंतवून ठेवला आहे आणि संकटात त्यातला काही घरी परततो, एवढं सांगितलंत तरी लोक मान डोलावतील. कारण खरंच आहे, पण काही दिवसांत येन दहा टक्के उसळतो तो एवढ्यावर नाही. त्यामागे असतात उधारीवर जगणारे लोक.

आपल्याकडे ऋण काढून सण करणाऱ्याला नावं ठेवतात. चलन बाजारात त्यालाच ‘कॅरी ट्रेड’ म्हणतात आणि मान देतात. २०२४ च्या मध्यापर्यंत जपानमध्ये व्याज जवळपास शून्य होतं. तिथून येन उसना घ्यायचा, तो विकून डॉलर घ्यायचे आणि अमेरिकेत तेव्हा मिळणारे सव्वापाच टक्के कमवायचे. २०२४ च्या जुलैच्या सुरुवातीचा हिशेब करून पाहा. एक कोटी येन उसने घेतले आणि १६० च्या भावाने विकले, तर ६२,५०० डॉलर हाती आले. महिन्याचं व्याज साधारण २७३ डॉलर. आता महिन्याभराने, ५ ऑगस्टला, भाव १४२ वर असताना सावकार दारात आला. एक कोटी येन परत करायला लागतात ७०,४२३ डॉलर. तुमच्याकडे आहेत ६२,७७३. खड्डा ७,६५० डॉलरचा, म्हणजे सव्वादोन वर्षांहून जास्त काळाचं व्याज एका महिन्यात साफ. आणि हा व्यवहार दहापट उधारीवर केला असेल, तर मूळ भांडवल होतं ६,२५० डॉलर. ते गेलंच, वर देणंही उरलं.

(मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठीचं जपानी कर्जही येनमध्येच आहे. ०.१ टक्का व्याज, ५० वर्षांची मुदत. तो ०.१ चा आकडा सगळ्यांना पाठ असतो. परतफेडीच्या वेळी येन केवढ्याला असेल, हा प्रश्न मात्र सहसा कोणी चारचौघांत काढत नाही.)

तर येनची ‘सुरक्षितता’ ती ही. घाबरलेला माणूस येनच्या प्रेमापोटी येत नाही, उधारी फेडायला येतो. तो शेअर विकतो, डॉलर विकतो आणि येन घेतो. त्याने घेतला म्हणून येन महाग होतो, येन महाग झाला म्हणून पुढच्या उधारवाल्याला ब्रोकरचा मार्जिनसाठी, म्हणजे आणखी तारण भरा म्हणून, फोन जातो, मग तोही विकायला धावतो. जुलै २०२४ मध्ये हे असंच पायरीपायरीने झालं. ३ जुलैला डॉलर १६२ येनच्या उंबरठ्यावर होता. ११ आणि १२ तारखेला जपानच्या अर्थ मंत्रालयाने साडेपाच लाख कोटी येन खर्चून येन खरेदी केला. ३१ जुलैला जपानच्या मध्यवर्ती बँकेने, बँक ऑफ जपानने, व्याजदर ०.२५ टक्क्यांवर नेला. २ ऑगस्टला अमेरिकेचे रोजगाराचे आकडे कमकुवत निघाले, बेरोजगारी ४.३ टक्के झाली. मध्ये शनिवार-रविवार आले. सोमवारी, ५ ऑगस्टला, जपानच्या शेअर बाजाराचा निर्देशांक निक्केई ४,४५१ अंकांनी, म्हणजे १२.४ टक्के कोसळला आणि डॉलर १४२ येनच्या खाली गेला.

इथे तुमचा प्रवेश होतो. जुलैमध्ये अजिबात येऊ नका. त्या वेळी अमेरिकेच्या वायदे बाजाराच्या नियामकाचा, सीएफटीसीचा, साप्ताहिक अहवाल सांगत होता की सट्टेबाजांनी येनविरुद्ध निव्वळ १ लाख ८४ हजारांच्या आसपास वायदे करून ठेवले आहेत. एकेक वायदा सव्वा कोटी येनचा, आणि एवढी गर्दी २००७ नंतर प्रथमच. हा अहवाल दर शुक्रवारी येतो, फुकट मिळतो आणि त्यात मंगळवारची स्थिती असते. फुकट मिळतो म्हणूनच तो वाचू नये. कोरडं गवत किती साठलंय ते त्यात दिसतं, आणि आपल्याला तर धूर पाहूनच धावायची सवय.

तेव्हा सोमवारी, निक्केईची बातमी सगळ्या चॅनेलांवर लाल अक्षरांत फिरू लागली की मग येन घ्या. वरातीमागून घोडं निघालं तरी घोडं शेवटी घोडंच असतं. १४२ ला घ्या. मंगळवारी निक्केई १० टक्क्यांनी परत वर जाईल, बुधवारी बँक ऑफ जपानचे उपगव्हर्नर शिनइची उचिदा म्हणतील की बाजार अस्थिर असताना दर वाढवणार नाही, आणि डॉलर १४७ च्या वर. तुमचा येन साडेतीन टक्के उतरला. ज्यांना उधारी फेडायची होती त्यातल्या बऱ्याच जणांनी ती फेडलेली, ऑगस्टच्या मध्यापर्यंत त्या अहवालातली सट्टेबाजांची बाजूही पालटलेली. गवत जळून गेलं आणि तुम्ही राखेला फुंकर घालताय.

साडेतीन टक्के किरकोळ वाटत असतील तर परदेशी ॲपवर ५०० पट लिव्हरेज घ्या, म्हणजे भांडवलाच्या ५०० पट सौदा करा. त्यात भाव ०.२ टक्का विरुद्ध गेला की भांडवल संपतं. १४२ च्या भावावर ०.२ टक्का म्हणजे जेमतेम ०.२८ येन. अशा दिवशी तेवढा भाव चहा गाळेपर्यंत हलतो. जपानच्या नियामकाने स्वतःच्या किरकोळ ग्राहकांना २०११ पासून २५ पटीची मर्यादा घातली आहे, पण ते भित्रे लोक. रिझर्व्ह बँकेची अनधिकृत फॉरेक्स मंचांची सावधगिरीची यादी आहे, तीही उघडू नका, नाहीतर तुमच्या ॲपचं नाव भेटायचं. परदेशात मार्जिन भरायला आपल्याकडून पैसे पाठवता येत नाहीत, आणि इथल्या एक्स्चेंजवरचा एक लाख येनचा JPY/INR वायदाही प्रत्यक्ष परकीय चलनाची जोखीम असल्याशिवाय घ्यायचा नाही, असं तीच बँक सांगते. एवढं ऐकत बसलात तर धंदा कधी करणार?

आता या पद्धतीचा मानाचा तुरा, म्हणजे कुठल्याही भीतीला येन लावायचा. भीती ती भीती, तिच्यात कसले प्रकार? २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं तेव्हा डॉलर ११५ येनच्या आसपास होता. युद्धाहून मोठं संकट कुठलं, म्हणून तुम्ही येन घेतला असता तर मार्चअखेर १२५ आणि ऑक्टोबरमध्ये १५१ च्या पुढचा भाव पाहिला असता. झालं काय, तर जपान जवळजवळ सगळं तेल बाहेरून आणतो. तेल महागलं की त्याला जास्त डॉलर लागतात, त्यासाठी येन विकावा लागतो. शिवाय ती भीती महागाईची होती. अमेरिकेत व्याज भराभर वाढत होतं आणि बँक ऑफ जपान दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा पाव टक्क्यावर दाबून बसली होती. उधारी फेडायची कशाला? उलट नवी काढायला सुगीचे दिवस.

काही चिकित्सक लोक अशा वेळी अमेरिकी दहा वर्षांच्या रोख्याच्या परताव्याची रेघ USD/JPY च्या शेजारी लावतात. बाजार घाबरलाय आणि परतावाही घसरतोय, तर दोन देशांच्या व्याजातलं अंतर कमी होतं आणि येनला जोर येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये हा परतावा महिन्याभरात सव्वाचार टक्क्यांच्या वरून ३.८ च्या खाली आला होता. बाजार घाबरलाय पण परतावा चढतोय, तर २०२२ आठवायचं आणि हात खिशात ठेवायचे. पण दोन रेघा पाहायला दोन डोळे लागतात, आणि तुमचा एक तर नफ्याच्या आकड्यावर खिळलेला.

मग ‘कधीतरी संकट येईलच’ म्हणून येन घेऊन निवांत बसायचं ठरवा. इथे घड्याळ तुमच्या विरुद्ध चालतं, कारण आता कॅरीवाल्याला मिळणारं व्याज तुम्ही भरताय. २०२४ च्या पहिल्या सहामाहीतल्या दरांनी एक लाख डॉलरच्या व्यवहारावर रोज साधारण १४ डॉलर, वर ब्रोकरचं कमिशन. बुधवारी बहुतेक ठिकाणी तिप्पट कापतात, शनिवार-रविवारचं धरून. वर्षभर संकट आलं नाही तर पाच हजार डॉलर गेले, आणि चार्ट एक इंचही हललेला नसेल.

शेवटी, ठरवलेल्या भावाला सौदा आपोआप कापणारा स्टॉप लॉस लावून निश्चिंत झोपा. उलटा व्यवहार केला असेल, म्हणजे येन विकून बसला असाल, तर विशेष गाढ झोपा. न्यूयॉर्क बंद झालंय, टोकियो अजून उघडायचंय, अशा मधल्या वेळी बाजारात माणूस नसतो. ३ जानेवारी २०१९ ला तर जपानला सुट्टीच होती. आपल्याकडे पहाटेचे चार वाजले होते. ॲपलने विक्रीचा अंदाज घटवल्याची बातमी ताजी होती, आणि डॉलर काही मिनिटांत १०९ येनच्या आसपासवरून १०५ च्या खाली पडला. १०८ ला लावलेला स्टॉप १०८ ला लागेलच असं नाही. तो लागतो पुढचा खरेदीदार जिथे भेटेल तिथे, आणि त्या पहाटे तो बराच खाली उभा होता. तुम्ही सात वाजता चहा घेऊन स्क्रीनसमोर बसाल तेव्हा भाव बराचसा सावरलेला असेल. चार्टवर फक्त खाली लोंबणारी एक लांब, बारीक रेघ दिसेल. तिच्या टोकाजवळ कुठेतरी तुमचा सौदा कापला गेलेला असेल.