सोडा, सोडा, सोडा!

कंडक्टरचं पोट तिकिटांवर चालतं असं लोकांना वाटतं. खरं तर ते फुफ्फुसांवर चालतं. स्टँडवर गाडी लागली की "मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, घाटमाथा, पोफळी, चिपळूऽऽण" हे एका दमात म्हणता आलं पाहिजे. मध्ये श्वास घेतला तर पाटणचा पाशिंजर चिपळूणचं नाव ऐकायच्या आत दुसऱ्या गाडीत बसतो. मी कऱ्हाड-चिपळूण वर्षानुवर्षं केली. कुंभार्ली घाटात दाटीवाटीने उभ्या माणसांतून मागून पुढे सरकत तिकिटं फाडली आणि वर "पुढे सरका, पुढे जागा आहे" हे धादांत खोटं वाक्य मोठ्याने म्हटलं. आवाज असा की ड्रायव्हरला घंटीची गरज नव्हती, तरी शिस्त म्हणून मी दोन घंट्या मारायचोच.

रिटायर झाल्यावर हा दम हळूहळू कुणीतरी वेबिलातून वजा करत गेलं. एकदम नाही, म्हणून लक्षात येत नाही. आधी सकाळचं फिरणं बंद झालं, कारण थंडी. मग मंडईतून घरी येताना चढावर थांबे वाढले. पहिला थांबा विजेच्या खांबाशी, दुसरा शिंप्याच्या दुकानासमोर. थांबायचं, पण थांबलोय हे दिसू द्यायचं नाही. त्यामुळे वार्डातल्या सगळ्या वाढदिवसांचे फ्लेक्स मला तोंडपाठ झाले. कोण कुणाचा मार्गदर्शक, कोण आधारस्तंभ, आमच्या भागात माझ्याइतकी माहिती कुणालाच नाही.

घरात कारणांना तोटा नव्हता. वय झालं, पित्त आहे, गॅस वर चढतो, हवा बदलली. ज्येष्ठमध झालं, अडुळसा झाला, आलं-मध तर इतकं झालं की मधमाश्यांनी माझी दखल घ्यायला हवी होती. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, "एकदा छातीच्या डॉक्टरांना दाखवा." मी म्हणालो, "बघू." आमच्या खात्यात "बघू"चा अर्थ काय असतो हे रजेचा अर्ज दिलेल्या कुणालाही विचारा.

भीती दोन गोष्टींची होती. त्या दवाखान्याच्या पाटीवर "क्षयरोग" असा शब्द ठळक लिहिलेला. पाटीखाली उभं राहिलेलं कुणी बघितलं की संध्याकाळपर्यंत गल्लीत आपली कपबशी वेगळी होणार. दुसरी भीती पंपाची. "एकदा पंप लागला की सुटत नाही" हे मी शेकडो पाशिंजरांकडून ऐकलेलं. त्यात एकही डॉक्टर नव्हता, पण बहुमताला आपण मान देतो.

मग मल्हारपेठचं लग्न आलं. मी अडुसष्टचा, म्हणून माझं अर्धं तिकीट. बायकांना 2023 पासून एसटीत निम्मं भाडं, म्हणून हिचंही अर्धं. आम्ही दोघं मिळून एक प्रवासी होतो. गाडी सुटायला आलेली, आम्ही स्टँडवर थोडं धावलो. धावलो म्हणजे ही धावली. मी पायऱ्यांचा दांडा धरून वर आलो आणि सीटवर पडलो. कंडक्टर म्हणून एक चुणचुणीत पोरगी होती. तिने माझी अवस्था बघून गाडी सोडली नाही. "सावकाश बाबा, गडबड नाही," म्हणाली, मग मशीन हातात घेऊन विचारलं, "कुठं?"

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. म-ल-हा-र-पे-ठ, एवढी अक्षरं बाहेर काढायला वारा शिल्लक नव्हता. मी हात वर करून समोरची दिशा दाखवली, जी त्या गाडीतल्या सगळ्यांचीच होती. शेवटी ही म्हणाली, "मल्हारपेठ. दोन अर्धी." लग्नात मी जिलेबी खाल्ली, पण चव लागली नाही. परतताना हिला सांगितलं, "सोमवारची वेळ घे." तिने काही विचारलं नाही. फोन तिने आधीच केलेला होता.

छातीचे डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे निघाले. आधी नखं बघितली, पाठीवर बोटांनी ठोकून बघितलं, बोटाला चिमटा लावला. आकडा 93 आला. मग चौकशी.

"बिडी?"

"सोडली."

"कधी?"

"रिटायर झाल्यावर."

"त्याआधी रोज किती?"

"बंडल. पण निम्मं ड्रायव्हरला जायचं."

"आणि त्याचं निम्मं तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं. ते हुशार होते. मी विषय बदलला.

एक्स-रे काढून आणला. डॉक्टर म्हणाले, "फुफ्फुसं फुगलीत." मी खुश. फुफ्फुस फुगलेलं असणं चांगलंच की, भरपूर हवा! ते म्हणाले, "काका, हवा आत जाते. अडचण ती बाहेर येत नाही ही आहे." क्षयाचा डाग त्यात नव्हता, तरी नियमाप्रमाणे थुंकी तपासायला दिली. दम हृदयामुळेही लागू शकतो म्हणून ईसीजी काढला. दोन्ही ठीक आले. आता फुंकायची परीक्षा. तिला स्पायरोमेट्री म्हणतात आणि तिची फी घेतात, पण जागा स्टुलाएवढीच देतात.

तिथे एक मुलगी होती, विशीतली. तिने मला ताठ बसवलं, पट्टा सैल करायला लावला आणि नाकाला चिमटा लावला. सबंध नोकरी मी तिकिटांना चिमटा लावला, तर हा हिशोब कुठेतरी पुरा व्हायचाच होता. तोंडात पुठ्ठ्याची नळी. "ओठ घट्ट. जेवढा मावेल तेवढा श्वास आत घ्या, आणि एकदम जोरात सोडा. थांबायचं नाही." मी सोडला. ती ओरडायला लागली, "सोडा सोडा सोडा सोडा! अजून! अजून! अजून आहे, अजून आहे!"

माझ्या आतमध्ये काही उरलं नव्हतं. ती मात्र "आहे, आहे" म्हणत होती. "पुढे जागा आहे" हे मी ज्या आत्मविश्वासाने म्हणायचो, अगदी तोच सूर. फरक एवढाच की तिचं खरं होतं. समोरच्या स्क्रीनवरची रेघ अजून वर चढत होती.

पहिली फुंक बाद, पहिल्याच सेकंदात खोकलो. दुसरी बाद, ओठाच्या कोपऱ्यातून वारा निसटला. तिसऱ्या वेळी मी चांगला फुंकलो, पण दमून लवकर थांबलो. निदान सहा सेकंद तरी किंवा रेघ सपाट होईपर्यंत सोडत राहायला लागतं. सहा सेकंद म्हणजे काय ते घड्याळात बघून कळत नाही. शिवाय एक बरी जमून भागत नाही, तीन चांगल्या लागतात आणि त्यातल्या सगळ्यात वरच्या दोन जवळजवळ सारख्या याव्या लागतात. म्हणजे माणसाला फसवाफसवीची सोयच नाही. जाणूनबुजून कमी फुंकलं तर दर वेळी तितकंच कमी फुंकता येत नाही. तिकीट तपासनीसांना हे यंत्र कुणी दाखवू नये.

तीन जमल्यावर तिने पंपाचे चार फवारे एका प्लास्टिकच्या नळकांड्यातून दिले, पाव तास बसवलं आणि सगळं पुन्हा. "सोडा सोडा सोडा!" बाहेर बसलेल्यांना आत काय चाललंय असं वाटलं असेल कुणास ठाऊक. ही दाराशी येऊन बघून गेली.

कागद घेऊन डॉक्टरांसमोर बसलो. औषधानंतर मी एकूण 2.7 लिटर हवा सोडली, त्यातली पहिल्या सेकंदात फक्त 1.3. साधारण सत्तर टक्क्यांहून जास्त हवा पहिल्याच सेकंदात बाहेर पडायला हवी. माझी अठ्ठेचाळीस. आणि औषधाने पहिल्या सेकंदात जेमतेम 100 मिलीची भर पडली. दम्याच्या पेशंटमध्ये ती बहुतेक वेळा याहून बरीच जास्त पडते. म्हणून हा दमा नव्हे, सीओपीडी. बिडीच्या धुराने बारीक नळ्या अरुंद झाल्या आणि फुफ्फुसाचा रबरासारखा ताण गेला, त्यामुळे श्वास सोडताना त्या नळ्या मध्येच मिटतात.

मी विचारलं, "पण मग चढावरच का होतं? बसल्यावर काही नाही."

डॉक्टरांनी कागद उलटा करून चित्र काढायला घेतलं, पण मला तेवढ्यात कळलं. हे कऱ्हाड स्टँडवरच्या गाडीसारखं आहे. आतले पाशिंजर उतरायला वेळ लागतो आणि खालचे चढायची घाई करतात. गाडी थोडा वेळ उभी असेल तर जमतं. पण दर मिनिटाला घंटी वाजायला लागली तर प्रत्येक थांब्यावर चार जण आतच राहतात, आणि पुढे पुढे गाडी गच्च भरते. चढावर श्वास भराभर होतो, सोडायला वेळ मिळत नाही, जुनी हवा आत साठते. नवीनला जागा कुठून? आपण मात्र अजून आत ओढायला जातो.

"म्हणून उपाय उलटा," डॉक्टर म्हणाले. "दम लागला की आधी सोडा. ओठ शीळ घालताना करतो तसे करा आणि हळूहळू सोडा, घेतलेल्याच्या दुप्पट वेळ." ओठांशी थोडा दाब राहिला की नळ्या मिटायच्या थांबतात. मी तिथेच करून बघितलं. गाडी मागे घेताना शिटी फुंकायची सवय कामाला आली.

औषध म्हणून कॅप्सूल आणि ती घालायचं एक छोटं यंत्र मिळालं. वेटिंगमध्ये शेजारी बसलेले एक आजोबा म्हणाले, "मला याने काही फरक नाही. महिनाभर रोज पाण्याबरोबर घेतोय." डॉक्टरांनी आत बोलावून त्यांना समजावलेलं मला बाहेर ऐकू आलं. कॅप्सूल गिळायची नसते. ती यंत्रात फुटते, आपण आधी श्वास पूर्ण सोडायचा, तोही यंत्रात नाही, बाजूला, नाहीतर पूड ओली होते. मग जोरात आणि खोल ओढायचं, आत घरघर ऐकू आली पाहिजे, आणि दहापर्यंत मोजत धरून ठेवायचं. पहिल्या दिवशी मी सातलाच सोडलं. पंप "सुटत नाही" याबद्दल विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "चष्मा सुटतो का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, चष्मा नाकावरच होता.

फार गोड बोलले नाहीत ते. गेलेलं परत येणार नाही, म्हणाले. घसरण हळू होईल, तीही बिडी परत हातात आली नाही तर. फ्लूची लस दरवर्षी. कफ पिवळा-हिरवा झाला किंवा दम एकाएकी वाढला तर "बघू" न म्हणता यायचं. "बघू" त्यांना कुणी सांगितलं, हा प्रश्न मी घरी आल्यावर हिला विचारला. तिने कुकरकडे बघितलं.

आता मंडईचा चढ एका थांब्यात होतो. फ्लेक्स वाचायचे राहून जातात.

कालच माझा जुना ड्रायव्हर भेटला, तो निम्म्या बंडलवाला. पारावरच्या तीन पायऱ्या चढून आला आणि मोबाइल बघायच्या निमित्ताने बराच वेळ उभा राहिला. स्क्रीन बंद होती. मी म्हणालो, "छातीच्या डॉक्टरांना दाखव." तो म्हणाला, "मला काय झालंय? पित्त आहे." मग थोडं थांबून, "बघू."

गुरुवारी साडेअकराची वेळ घेतली आहे, त्याच्या नावावर. त्याला अजून सांगितलेलं नाही. वहिनींना माहीत आहे.