आळीला गल्ली म्हणू नका

सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

आम्ही पाचजण मिळून अलिबागच्या जुन्या आळ्यांवर एक इमेल न्यूजलेटर सुरू करतोय. दर पंधरा दिवसांनी एक आळी, एवढंच. मजकूर तयार आहे, पण नाव ठरत नाही. आज फोनवर एकाने, बाकी माणूस फार गुणी, नाव सुचवलं: ‘हरवलेल्या गल्ल्या’. आणि बाकीचे तिघे ‘वा वा’ म्हणाले!

अहो, गल्ली कुठली? आपल्याकडे आळी असते. वाडी असते, मोहल्ला असतो, पाखाडी असते. गल्ली घाटावरची. आणि हरवलेल्या म्हणजे कुणाच्या? तिथे माणसं राहतात, सकाळी अंगण झाडतात. त्यांच्या दारात जाऊन ‘तुमची आळी हरवली’ असं सांगायचं?

मी नऊ वर्षांची असताना आजीने मला इस्राएल आळीत पाठवलं होतं, एका घरी नारळ पोचवायला. जाताना म्हणाली, “मशिदीच्या पुढचं घर.” मी मशीद शोधत दोनदा आळी पालथी घातली. ओटीवर एक म्हातारे बसले होते. त्यांनी हाक मारली, “कुठल्या आळीतली गं तू?” मी सांगितलं. मग त्यांनी हसून सिनेगॉगकडे बोट केलं, “हीच आमची मशीद.” बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू, आपल्या प्रार्थनागृहाला मशीदच म्हणायचे, आणि आजीही तोच शब्द उचलून बोलत होती. तो शनिवार होता. ते नारळ त्यांनी मला ओटीवरच ठेवायला सांगितले.

शनिवार का, हे मोठेपणी कळलं. तो त्यांचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी काम करायचं नाही. हे लोक कोकणात तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. आडनावंही गावांवरून: किहीमकर, चेऊलकर, नवगावकर. १९४८ नंतर यातली कितीतरी घरं इस्राएलला गेली. माणसं गेली, पण आळीचं नाव जागेवर आहे. ‘हरवलेल्या’ शब्दात यातलं काय बसतं?

माझं पहिलं मत नुसतं ‘आळी’ असं होतं. ते मात्र फसलं. नाव देवनागरीत ठेवता येतं, पण पत्ता लोक रोमनमध्येच टाइप करतात आणि रोमनमध्ये ळ नाही. ali लिहिलं की अली होतं, तेही अलिबागेत! aali लिहिलं की ‘आली’. फोनवर सांगितलं तर निम्मे लोक ‘अळी’ लिहितात, भाजीतली. एकाने ‘पाखाडी’ सुचवलं. रोमनमध्ये सरळ pakhadi, मुंबईत माझगावला माथारपाखाडी अजून आहे, शब्द सुरेख. पण पाखाडी म्हटलं की दगडी पायऱ्यांची चढण डोळ्यांपुढे येते आणि आमचं अलिबाग सपाट. रत्नागिरीकरांनी घ्यावं ते, शोभेल.

हो, आळ्यांची बरीच नावं जातींवरून पडलीत, हे मान्य. जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचा २०२० चा सरकारी निर्णय योग्यच आहे. पण म्हणून ‘आळी’ शब्दच टाकायचा?

आणि ‘कोकणच्या आळ्यांचा विस्मृत इतिहास’ असलं लांबलचक नको. मोबाइलवर पाठवणाऱ्याचं नाव वरच्या ओळीत येतं आणि लांब असलं की मध्येच तुटतं. ‘कोकणच्या आळ्यांचा वि…’ एवढंच दिसणार. त्याच्याखाली विषयाची ओळ असते, आळीचं नाव तिथे द्यायचं. म्हणजे वरचं नाव दर वेळी तेच आणि खाली ‘इस्राएल आळी: शनिवारी बंद घाणा’. वरचं नाव बदलत राहिलं तर लोक ओळखत नाहीत, स्पॅममध्ये टाकतात. म्हणून भांडण आत्ताच करून घ्यायचं, दहाव्या अंकानंतर नाही.

लिहिता लिहिता राग उतरला. ज्याने गल्ल्या सुचवल्या त्याचं बालपण कोल्हापुरात गेलं, त्याच्या तोंडी तोच शब्द येणार. मी फोनवर जरा जास्तच बोलले, संध्याकाळी त्याला फोन करते.

आणि नावही सुचलंय: ‘कुठली आळी’. वरच्या ओळीत पूर्ण बसतं. पत्त्यात आळी घालायचीच नाही, नुसतं patra ठेवायचं, म्हणजे ळ ची कटकट मिटली. दुपारी मावशीला फोनवर नाव सांगून पाहिलं. एकदाच सांगितलं, तिने जसंच्या तसं परत म्हटलं. आणि लगेच विचारलं, “कुठली गं? इस्राएल आळी का?”