बुद्धिबळाच्या पटावरच्या नऊ रेषा

"बुद्धिबळ पंधरा वर्षं खेळतोय. ओपनिंग पाठ करायचा कंटाळा आलाय, आणि तीन मिनिटांच्या डावात हात चालत नाही. याहून खोल, पण चपळाई न लागणारा खेळ कोणता?"

कोथरूडच्या आमच्या जुन्या मंडळात रविवारी हे विचारलं गेलं आणि तासभर वाद झाला. मी टोकियोतून फोनवर ऐकत होते. एक काका म्हणाले, "आधी बुद्धिबळ तरी पुरतं समजलंय का? आपला खेळ सोडून बाहेरचे कशाला?" मी गो या खड्यांच्या खेळाचं नाव काढल्यावर त्यांनी आणखी एक वाक्य टाकलं. परदेशात गेलं की माणसाला घरचं कमी वाटायला लागतं, असं ते वाक्य होतं. ते अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसले.

उत्तर गोच आहे. शोगी हे जपानी बुद्धिबळही खोल आहे. मारलेली सोंगटी आपली होऊन पटावर परत उतरते, त्यामुळे डाव शेवटपर्यंत तापलेला राहतो. पण शोगीत राजा तोच, मात तीच, आणि सुरुवातीच्या रचना पुन्हा पाठच कराव्या लागतात. विचारणाऱ्याला नेमका त्याचाच वीट आलाय. गोमध्येही कोपऱ्यातल्या ठरलेल्या चाली आहेत, पण पहिली दोन वर्षं त्या न शिकता चांगलं खेळता येतं, कारण सगळं मोजण्यावर आणि आकार ओळखण्यावर चालतं.

चपळाईचंही लगेच सांगते. इथे साधारण पद्धत अशी असते, की सुरुवातीला ठरावीक वेळ, ती संपली की प्रत्येक खेळीला 30 सेकंद. खेळी तेवढ्यात झाली तर पुढच्या खेळीला पुन्हा पूर्ण 30 सेकंद मिळतात. घड्याळाचे शेवटचे चार सेकंद उरलेत आणि सोंगट्या उडतायत, हा प्रकार होत नाही. रविवारी एनएचके या जपानी वाहिनीवर डाव लागतो तेव्हा बघा, शेवटच्या टप्प्यातही खेळाडू शांतपणे डब्यात हात घालून खडा उचलतो.

साहित्यासाठी खर्च नको. स्पर्धेतला गुंडाळायचा बुद्धिबळाचा पट घरात असेलच. त्यावर आठ गुणिले आठ घरं आहेत, म्हणजे कडेच्या रेषा धरून दोन्ही बाजूंना नऊ-नऊ रेषा. त्या जिथे एकमेकींना छेदतात ते 81 बिंदू. खडा घरात नाही, छेदबिंदूवर ठेवायचा. नवशिक्यासाठी गोचा पट एवढाच असतो. मोठा 19 रेषांचा, 361 बिंदूंचा. तुळशीबागेतून एका रंगाची 41 आणि दुसऱ्या रंगाची 40 चपटी बटणं आणली की झालं. चणे-वाटाणे घेऊ नका, ते घरंगळतात, आणि एक खडा सरकला की वाद सुरू.

नियम थोडे. काळ्याची पहिली खेळी, मग आळीपाळीने एकेक खडा. ठेवलेला खडा हलत नाही. रेषेवरून लागून असलेला मोकळा बिंदू म्हणजे त्याचा श्वास. सगळे श्वास बंद झाले की खडा उचलला जातो, आणि एकमेकांना लागलेले खडे एकत्र जगतात नाहीतर एकत्र मरतात. शेवटी ज्याने जास्त जागा वेढली तो जिंकला.

मंडळातला एक तरुण म्हणाला, "म्हणजे ऑथेल्लोच, समोरच्याला कोंडायचं." कोंडण्यापर्यंत त्याचं बरोबर आहे. ऑथेल्लोत मात्र सोंगटी उलटून रंग बदलते, इथे ती पटावरून जाते. मुख्य म्हणजे इथे खडे मारणं हे ध्येयच नाही. बुद्धिबळपटूची गाडी इथेच अडते. पंधरा वर्षं प्यादं एक, घोडा तीन, हत्ती पाच असं मोजलेलं डोकं एक खडा मारायला चार खेळ्या घालवतं, आणि तेवढ्यात समोरचा दोन कोपरे घेऊन बसतो.

कोपरे का, तेही बटणं मांडून बघा. नऊ बिंदूंची चौकोनी जागा वेढायची आहे. कोपऱ्यात दोन बाजू पटानेच दिलेल्या असतात, म्हणून सहा खडे पुरतात. कडेला नऊ लागतात, मध्यावर बारा. जागा तेवढीच, किंमत दुप्पट. बुद्धिबळात पहिल्या खेळीपासून मध्य धरायची सवय लागलेली असते. ती मोडायला वेळ लागतो.

आता खेळाचं खरं हृदय. खालच्या डाव्या कोपऱ्यात सगळ्यात खालच्या रेषेवरचे पहिले तीन बिंदू मोकळे ठेवा. त्यांच्या वरच्या रेषेवर पहिल्यापासून चार काळी बटणं ओळीने ठेवा आणि पाचवं खालच्या रेषेवर चौथ्या बिंदूवर. बाहेरून पांढऱ्याने पूर्ण घेरलंय असं समजा. ही पाच बटणं जगली की मेली? उत्तर एकच, खेळी कोणाची आहे. काळ्याने तीनपैकी मधला बिंदू घेतला तर दोन्ही बाजूंना एकेक वेगळी मोकळी जागा उरते. पांढरा एका वेळी एकाच जागी ठेवू शकतो, आणि दुसरा श्वास शिल्लक असल्यामुळे तिथे ठेवलेला त्याचा खडा स्वतःच श्वासाविना पडतो, म्हणून ती खेळी करताच येत नाही. याला दोन डोळे म्हणतात. असा गट कायमचा जिवंत. पण मधला बिंदू पांढऱ्याने आधी घेतला, तर काळा उजवीकडे ठेवो की डावीकडे, पांढरा उरलेला शेवटचा श्वास बंद करतो आणि सगळे खडे उचलतो.

आता जागा एका बिंदूने वाढवा, चार बिंदू ओळीत आणि भोवती सहा बटणं. इथे खेळी पांढऱ्याची असली तरी काळा जिवंतच. पांढऱ्याने मधल्या दोनपैकी एक घेतला की काळा दुसरा घेतो आणि दोन डोळे होतात. म्हणून काळ्याने तिथे आधीच काही खेळायचं नाही. नवशिका घाबरून खेळतो, आणि ती एक खेळी फुकट जाते. तिसरा प्रकार फसवा आहे. मोकळे चार बिंदू ओळीत नसून चौकोनात असले, तर काळ्याची खेळी असली तरी गट मेलेला, कारण एक खडा ठेवून दोन डोळे होतच नाहीत. काळा एक ठेवतो, पांढरा कर्णातला समोरचा घेतो आणि संपलं. जागा चारच, पण आकाराने निकाल बदलतो. पंधरा वर्षं मात मोजलेल्या माणसाला हे एका संध्याकाळी येतं आणि मग सोडवत नाही.

मंडळातल्या गणिताच्या निवृत्त प्राध्यापिका हे सगळं माझ्याहून चांगलं जाणतात. त्यांचं म्हणणं, बुद्धिबळपटूला "जो आधी मारेल तो जिंकला" हा नवशिक्यांचा खेळ अजिबात देऊ नये, नाहीतर मारण्याची भूक आणखी वाढते. मला वाटतं असे दोन डाव खेळूनच श्वास मोजणं डोळ्यांत बसतं. आमचं यावर एकमत झालं नाही. शिवाय त्या म्हणतात, 9 रेषांवर दहा डाव झाले की थेट 19वर जा, नाहीतर माणूस छोट्या मारामारीतच अडकतो. हे मी अजून पूर्ण मान्य केलेलं नाही.

मोठ्या पटावर काय फसतं ते मात्र दोघींना ठाऊक आहे. एका खड्याला एकच श्वास उरला, तो पळाला, आपण पुन्हा त्याचा एकच श्वास ठेवला, तो पुन्हा पळाला. जिना उतरल्यासारखी ही धाव तिरकी पटाच्या कडेपर्यंत जाते. 19 रेषांवर दोघांच्या मिळून चाळीसच्या वर खेळ्या होऊ शकतात. मोजायला सोपी, कारण प्रत्येक पायरी सारखीच. पण वाटेत पळणाऱ्याचा एक जरी खडा उभा असला तर तो त्याला जाऊन मिळतो, आणि पाठलाग करणाऱ्याची मागची सगळी फळी भोकांनी भरलेली राहते. म्हणून सुरू करण्याआधी नजर समोरच्या कोपऱ्यात टाकायची. बुद्धिबळात लांबवरचा उंट बघतो, तशीच.

एक काकू मध्येच म्हणाल्या, "ब्रिज खेळा ना, शनिवारी आम्हाला चौथा लागतोय." ब्रिज थोरच, पण त्याला जोडीदार हवा, आणि विचारणाऱ्याला बहुधा एकट्यानेच पटाशी बसायचंय. दुसरा एक जण सिसिलियन ओपनिंगची कोणती शाखा जास्त खोल, तेच विचारत राहिला.

पुण्यात समोर कोण बसणार, हा प्रश्न खरा आहे. पण गोची इथली एक सोय मला फार मोलाची वाटते. 19 रेषांवर दोघांच्या दर्जात जेवढ्या पायऱ्यांचा फरक, तेवढे खडे कमकुवत खेळाडू आधीच पटावर ठेवतो, दोन ते नऊपर्यंत. मग डाव बरोबरीचा होतो आणि दोघांनाही घाम फुटतो. 1800 आणि 1200 रेटिंगवाल्यांचा बुद्धिबळाचा डाव दोघांनाही निरुपयोगी असतो. घोडा काढून ठेवला तर खेळच बदलतो. इथे मात्र गोकाइशोत, म्हणजे गो खेळायच्या क्लबात, आजोबा सहावीतल्या मुलीला चार खडे देतात आणि तोच खेळ खेळतात. तुमच्यात चार जण जमले, तरी चौघांचा वर्षभराचा खेळ होतो.

"संगणकाने गो संपवला," असंही कुणी म्हणालं. मार्च 2016 मध्ये सोलला अल्फागो या संगणक प्रोग्रामने गोचा अव्वल खेळाडू ली सेडोलला 4-1ने हरवलं, हे खरं. बुद्धिबळात तसं 1997 मध्येच झालं होतं. हरवणं म्हणजे उलगडणं नव्हे. चौथ्या डावात ली सेडोलच्या 78व्या खेळीने यंत्राची गणितं कोलमडली आणि तो डाव माणसाने जिंकला.

आणि "आपला खेळ" म्हणाल, काका, तर चतुरंग भारतातून निघालं आणि बाहेरून बदलून आलं. आपण आज ज्या नियमांनी खेळतो, त्यात प्याद्याची पहिली दोन घरांची उडी युरोपात जडलेली आहे. तरी ते आपलंच राहिलं ना?

पण तुमचं एक म्हणणं मला खोडता येत नाही. इथल्या गोकाइशोत केस पिकलेलेच जास्त, खुर्च्या रिकाम्या. पोरांनी भरलेली खोली बघायची तर मला पुण्याच्या बुद्धिबळ स्पर्धेतच यावं लागेल. इथे समोरचा मला जपानीत अदबीने म्हणतो, छान खेळलात. श्वास मोजताना मात्र ओठांवर "एक, दोन, तीन" मराठीतच येतं. आणि डाव चुकला की मान वळवून "अहो, हे काय केलंत तुम्ही" म्हणायला शेजारी कुणी नसतं. दिवाळीत येतेय. तुमचा तो गुंडाळायचा पट आणि 81 बटणं काढून ठेवा. पहिले चार खडे तुमचे.