जामठ्याच्या त्या पाच ओव्हर्स: एका प्रतिक्रियेला उत्तर

«भाऊ, काय लिहून राहिले तुम्ही? म्हणे पॉवरप्ले बॉलरच्याही कामाचा! बाहेर दोनच फील्डर, बॅट्समननं उचलून मारलं की चौका. बॉलरनं फक्त जीव वाचवायचा. आणि पहिल्या दहा ओव्हर्समध्ये दोन कॅचर जवळ ठेवणं बंधनकारक, हेही चूक लिहिलं.»

कॅचरचं तुमचं बरोबर, भाऊ. ती अट 2015 मध्येच गेली. मी जुन्या सवयीनं लिहून गेलो. बाकीचं मात्र मान्य नाही.

पॉवरप्ले म्हणजे वनडेच्या पहिल्या दहा ओव्हर्स, तेव्हा सर्कलच्या बाहेर दोनच फील्डर चालतात. तुम्ही बाहेरचे दोन मोजले, आतले सात मोजलेच नाहीत. बॉलर आणि कीपर सोडले तर सर्कलच्या आत सात जण उरतात, म्हणजे एकेरी धाव जवळपास बंद. पाच जण बाहेर असले की बॅट्समन हलक्या हातानं ढकलतो आणि आरामात एक घेतो. पॉवरप्लेत तोच फटका थेट पॉइंटच्या हातात जातो.

समजा थर्डमॅन आणि डीप स्क्वेअर लेग बाहेर आहेत, मिडऑफ-मिडऑन वर. बॉलर ऑफस्टंपवर, गुडलेंग्थच्या किंचित मागे टाकत राहतो. तीन बॉल निर्धाव गेले की चौथा बॅट्समन मिडऑफवरून उचलायला जातो. पण बॉल तेवढा पुढे पडलेलाच नसतो, उसळून बॅटच्या वरच्या भागाला लागतो आणि मिडऑफला सोपा कॅच. हातभर पुढे पडला तर चौका, पायांवर गेला तर फाइनलेगला कोणीच नाही. चुकीला जागा नाही, एवढं तुमचं खरं. पाटा पिचवर, बॉल हलत नसताना, टी-20 च्या पहिल्या सहा ओव्हर्समध्ये तर बॉलरचे हालच होतात.

आता आपल्याच नागपूरच्या जामठा स्टेडियमची गोष्ट. 12 मार्च 2011, वर्ल्डकप, समोर दक्षिण आफ्रिका. तेव्हा बॅटिंग पॉवरप्ले असायचा: बॅटिंग करणाऱ्यांनी निवडलेल्या पाच ओव्हर्स, बाहेर तीनच फील्डर. भारत एका विकेटवर 267, सचिन 111. चाळिसाव्या ओव्हरमध्ये, पॉवरप्ले सुरू असताना, मॉर्केलला मारायला गेला आणि आउट. पुढच्याच ओव्हरमध्ये स्टेननं गंभीर आणि युसूफला काढलं. तोपर्यंत पाच जण बाहेर होते, एक-दोन धावा सहज निघत होत्या. सर्कल भरलं आणि तो रस्ता बंद झाला. नवा बॅट्समन आल्या-आल्या उचलायलाच बघे, आणि जामठ्याची बाउंड्री काही जवळ नाही. 29 धावांत नऊ विकेट, सगळे 296 वर बाद, स्टेनच्या पाच. दोन बॉल राखून आफ्रिका जिंकली. (त्या रात्री वर्धा रोडवर कोणी हॉर्नही वाजवत नव्हतं.)

पुढची मॅच पाहताना पहिल्या ओव्हरला बॉल पाहू नका, मिडऑफ कुठे उभा आहे ते पहा. तो पार सर्कलच्या रेषेला टेकून असेल तर बॉलर पुढे टाकणार नाही, आणि बॅट्समनलाही ते ठाऊक असतं.